सुखात्म्यांचा काळा डगला उतरवून: पात्राचं मनोविश्लेषण करताना संहिता कशी वाचवायची

एम.ए.ला असताना मी ‘शांतता! कोर्ट चालू आहे’वर एक निबंध लिहिला होता. लीला बेणारे ही दमित वासनेने ग्रासलेली, पंधराव्या वर्षी झालेल्या आघातातून कधीच बाहेर न आलेली, आत्मघातकी प्रवृत्तीची स्त्री आहे, असं मी बारा पानं खर्चून सिद्ध केलं होतं. फ्रॉइडचं नाव चौदा वेळा आलं होतं. निबंध परत आला तेव्हा सरांनी शेवटच्या पानाच्या समासात एकच ओळ लिहिली होती: ‘हे सगळं सुखात्मे आधीच म्हणून गेला आहे.’

तेव्हा राग आला. मग नाटक पुन्हा वाचलं, आणि सरांचं म्हणणं शब्दशः खरं निघालं. वकिलाच्या भूमिकेतला सुखात्मे बेणारेच्या खासगी आयुष्यातल्या घटना गोळा करतो, त्यांची साखळी जुळवतो आणि त्यातून तिचा ‘स्वभाव’ काढून दाखवतो. मीही तेच केलं होतं. माझ्याकडे काळ्या डगल्याऐवजी परिभाषा होती, एवढाच फरक.

मनोविश्लेषणात्मक समीक्षा नव्याने करून पाहणाऱ्यांसाठी हा लेख आहे. उदाहरण शेवटपर्यंत हेच नाटक राहील, कारण निदान करण्याची खोड कुठे नेते ते या नाटकात रंगमंचावरच दिसतं. विजय तेंडुलकरांचं हे नाटक १९६७ साली ‘रंगायन’ने अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली केलं, आणि बेणारेची भूमिका सुलभा देशपांडे यांनी केली. वाचलं नसेल तर आधी नाटक वाचा आणि मग इथे या. पुढे सगळं उघड करणार आहे.

थोडक्यात गोष्ट अशी. मुंबईची एक हौशी नाटकमंडळी एका गावात अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करायला आली आहे. रात्रीच्या प्रयोगात खटला आहे तो अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्यावर, अण्वस्त्रांवरून. दुपारचा वेळ रिकामा आहे आणि सामंत नावाच्या गावातल्या साध्याभोळ्या माणसाला कोर्ट कसं असतं ते ठाऊक नाही. म्हणून त्याला दाखवण्यापुरता एक लुटुपुटीचा खटला चालवायचं ठरतं. शाळेत शिक्षिका असलेली बेणारे आत तोंड धुवायला गेली असताना तिलाच आरोपी करायचं ठरतं. ती बाहेर येते तोच तिच्यावर आरोप ठेवला जातो, भ्रूणहत्येचा. पुढे खेळ खरा होत जातो. ती खरोखरच गरोदर आहे, आणि मूल प्रा. दामल्यांचं आहे. दामले त्याच मंडळीतले, पण त्या दिवशी आलेलेच नाहीत.

पहिलं पाऊल: प्रश्न माणसाविषयी नको, कृतीविषयी विचारा

‘बेणारेला काय झालं आहे?’ हा प्रश्न डॉक्टरचा आहे. त्याचं उत्तर आजाराचं नाव असतं, आणि नाव सापडलं की वाचन संपतं. तोच प्रश्न लहान करून विचारा: ‘पहिल्या अंकात, सामंतापाशी शाळेतल्या चौकशीविषयी बोलताना बेणारे हसते का?’ या प्रश्नाला जागा आहे, वेळ आहे, ऐकणारा माणूस आहे. त्याचं उत्तर संहितेतच शोधावं लागतं.

याला एक जुना इशारा आहे. १९३३ मध्ये एल. सी. नाइट्स या इंग्रज समीक्षकाने ‘लेडी मॅकबेथला मुलं किती होती?’ अशा खोचक नावाचा निबंध लिहिला. पात्रांना संहितेबाहेरचं आयुष्य असल्यासारखं बोलणाऱ्या समीक्षकांची त्याने टर उडवली होती. मनोविश्लेषण करणाऱ्याला हा मोह दुप्पट असतो, कारण त्याच्या शास्त्राची भिस्तच मुळी बालपणावर. पण पात्राला बालपण नसतं. लेखकाने दिलं असेल तेवढंच असतं. पंधराव्या वर्षाच्या आधीची बेणारे आपल्याला मिळत नाही. तिथे ‘वडिलांच्या प्रेमाची उणीव असणार’ असं लिहिलंत, तर ते वाक्य तुमचं, तेंडुलकरांचं नव्हे.

माझा नियम साधा आहे. वहीचं पान उभं दुमडायचं. डाव्या बाजूला फक्त कृती: कोण, कुणासमोर, आधी काय घडलं, नंतर काय घडलं, रंगसूचना काय आहे. उजवी बाजू कोरी ठेवायची. डावीकडे विशेषण आलं की खोडायचं. ‘बेणारे अस्वस्थपणे गाते’ हे चूक, ‘बेणारे बोलता बोलता गाऊ लागते’ हे बरोबर. दोन-तीन प्रसंग असे उतरवले की हात बसतो. संबंध नाटकाचं पान करायची गरज नाही.

पहिल्या अंकातल्या एका तुकड्याची डावी बाजू पाहा. बेणारे आणि सामंत बाकीच्यांच्या आधी पोचतात. कडी उघडताना बेणारेचं बोट चेमटतं. सामंत कडीची खोड समजावून सांगतो: ती जराशी बाहेर राहिली आणि दार ओढलं, तर माणूस आत अडकलाच. मग ती शाळेविषयी बोलते. मुलांना आपण किती आवडतो, आपण किती वक्तशीर आहोत, शिकवण्यात आपल्यावर कुणी बोट ठेवू शकत नाही. याच ओघात तिच्याविरुद्ध चौकशी चालू असल्याचं येतं. आपलं आयुष्य आपलं आहे, ते आपण कुणाला विकलेलं नाही, असं ती म्हणते. मंडळीतल्या एकेकाची ती नक्कल करते, हसते, गाते. ती सामंताच्या इतकी जवळ येते की तो बिचारा अवघडून जातो.

एवढ्यावरच थांबा. कडी आणि चौकशी शेजारी शेजारी आली आहेत, हे डाव्या रकान्यात आपोआप दिसतं. ‘उन्मादी’ हा शब्द आधीच लिहून ठेवला असता, तर कडीकडे लक्षच गेलं नसतं.

दुसरं पाऊल: एका वेळी एकच संकल्पना, आणि ती खोटी कधी ठरेल तेही लिहा

आता उजवा रकाना. नवशिके इथे सगळी पेटी ओततात: दमन, इडिपस, मृत्युप्रेरणा, आरशाची अवस्था, सगळं एका परिच्छेदात. एकच उचला. मी ‘पुनरावृत्तीची सक्ती’ घेतो. फ्रॉइडने ही कल्पना १९१४ च्या एका निबंधात मांडली आणि १९२० मध्ये विस्तारली. जे आठवता येत नाही ते माणूस पुन्हा पुन्हा करून दाखवतो, आणि ते आपण करतो आहोत हे त्याला कळत नाही, असा त्याचा गाभा.

बेणारेला ती लागू पडते का? शेवटच्या अंकात तिचं लांब स्वगत आहे. त्यात दोन प्रेमं आहेत. पहिलं पंधराव्या वर्षी, मामावर. कडक शिस्तीच्या घरात तोच एक तिचं कौतुक करणारा. लग्नाची गोष्ट निघाली तेव्हा आईने विरोध केला आणि मामाने शेपूट घातली. बेणारेने गच्चीच्या कठड्यावरून उडी घेतली, पण शरीर मेलं नाही. दुसरं प्रेम जाणत्या वयात, दामल्यांवर. ही बुद्धीची पूजा आहे असं तिला वाटलं, त्याला फक्त देह हवा होता. दोन्ही वेळा वडीलधारा पुरुष, दोन्ही वेळा आधी आदर, दोन्ही वेळा तो पळतो. आकृती जुळते.

जुळली की बहुतेक जण थांबतात. तिथेच पुढचा प्रश्न विचारायचा असतो: ही संकल्पना खरी असेल तर नाटकात काय दिसायला नको? पुनरावृत्ती आंधळी असते, म्हणून दुसऱ्या वेळी तिने पहिल्यासारखंच वागायला हवं. तसं होत नाही. पहिल्या वेळी ती उडी मारते. या वेळी ती पोटातल्या मुलासाठी बापाचं नाव शोधत फिरते. मैत्रिणीची गोष्ट म्हणून ती मंडळीतल्या पोंक्षेला लग्नाचं विचारते, हे पोंक्षेच चवीने साक्षीत सांगतो. मुलाला आई हवी, बाप हवा, घर हवं, असं ती स्वगतात म्हणते. ही योजना आहे, सक्ती नव्हे. अर्थात तिच्याजवळ टिक-२० ची बाटलीही आहे. ढेकूण मारायचं ते औषध तेव्हा घराघरांत असे, आणि आत्महत्येच्या बातम्यांतही. म्हणजे जुनी उडीही तिच्यासोबत आहे.

तेव्हा संकल्पनेने अर्धं समजावलं, अर्धं सोडलं. हे अपयश मानू नका. सुटलेलं अर्धं लेखात ठेवायचं असतं. ‘पुनरावृत्तीच्या चौकटीतून पाहिलं तर दोन पुरुष एकाच साच्यातले दिसतात, पण दुसऱ्या वेळी बेणारे साच्याबाहेर पाऊल टाकू पाहते, आणि नेमका त्याच वेळी खटला उभा राहतो.’ या वाक्यात पात्र जिवंत राहिलं, आणि शिवाय एक नवा प्रश्न मिळाला: तिने पाऊल टाकल्यावरच कोर्ट का बसतं?

मामाविषयी एक गोष्ट इथेच सांगतो, कारण विद्यार्थी इथे हमखास घसरतात. मामा म्हणजे आईचा भाऊ, म्हणजे आईच्या बाजूचा पुरुष, म्हणजे इडिपस, आई-बापांपैकी एकाविषयीची दडपलेली ओढ! इतकं सोपं नाही. फ्रॉइडच्या डोळ्यांपुढे व्हिएन्नातलं आई-बाप-मूल असं त्रिकोणी घर होतं. आपल्याकडे मामाची मुलगी करण्याची रीत अनेक जातींत आहे, आणि दक्षिणेकडे काही समाजांत खुद्द मामाशी भाचीचं लग्न होतं. बेणारेच्या घरात ते पाप आहे. तेव्हा ‘निषिद्ध’ काय, हे नेणिवेने ठरवलं की त्या घराने, जातीने, गावाने ठरवलं, ते वेगळं विचारावं लागतं. कलकत्त्यात १९२२ मध्ये इंडियन सायकोअनॅलिटिकल सोसायटी स्थापन करणारे गिरींद्रशेखर बोस यांनी फ्रॉइडशी पत्रव्यवहारात इडिपसच्या बाबतीत याच धर्तीचा वाद घातला होता, आपल्या रुग्णांच्या आधारावर. म्हणजे ही शंका आजची नाही, आणि कुणी देशाभिमानापोटी काढलेलीही नाही.

आणखी एक. पंधरा वर्षांची मुलगी आणि जाणता मामा. आजचा वाचक याला अत्याचार म्हणेल, बेणारे त्याला प्रेम म्हणते. लेखात दोन्ही लिहा. तिचा शब्द खोडून आपला ठेवलात तर तुम्ही तिला तिच्याच स्वगतातून हाकललंत. तिचाच शब्द प्रमाण मानलात तर मामा सुटला.

तिसरं पाऊल: संकल्पना पात्रावरून उचलून नाटकाच्या घडणीवर ठेवा

माझ्या मते खरी समीक्षा इथून सुरू होते. फ्रॉइडने जी यंत्रणा माणसाच्या मनात पाहिली ती संहितेच्या रचनेत दिसते का, ते पाहायचं. यासाठी मी दुसरी एक संकल्पना घेतो: नकार. १९२५ च्या एका छोट्या निबंधात फ्रॉइड एका रुग्णाचं बोलणं देतो. स्वप्नात एक व्यक्ती होती. ती कोण, विचाराल तर सांगतो, माझी आई नव्हती. फ्रॉइड म्हणतो, चला, म्हणजे आईच होती. मुद्दा असा की दडपलेली गोष्ट बाहेर येऊ शकते, फक्त तिच्यावर ‘नाही’चा शिक्का हवा. नकार हा दडपलेल्याला मिळालेला परवाना असतो.

आता नाटकात हा परवाना शोधा. मिळेल तो बेणारेच्या तोंडी नव्हे. ‘हा खेळ आहे’ हे पालुपद मंडळीकडे आहे. खेळ आहे म्हणून तिच्यावर आरोप ठेवता येतो. खेळ आहे म्हणून तिने चिडायचं नाही. खेळ आहे म्हणून कुणी तिला कुठे, कुणाबरोबर पाहिलं ते सांगता येतं. भोळा सामंतही साक्ष देतो, आणि ती देतो हातातल्या एका पुस्तकातून, रहस्यकथेची पानं वाचावीत तशी. त्या बनावट साक्षीतून जे निघतं ते खऱ्याला जाऊन भिडतं. ‘खरं नव्हे’ म्हटल्याशिवाय या माणसांना खरं बोलताच येत नाही.

नाटकातलं नाटक ही युक्ती रंगभूमीला जुनीच आहे. पण नकाराच्या चौकटीतून पाहिल्यावर ती इथे काय काम करते ते दिसतं. आता ‘बेणारे काय दडपते आहे?’ यापेक्षा ‘ही सगळी मंडळी खेळाच्या आडून काय बाहेर काढत आहेत?’ हा प्रश्न मोठा ठरतो.

त्याच्या उत्तरासाठी तिसरी आणि शेवटची संकल्पना: प्रक्षेपण. आपल्यातलं नको असलेलं दुसऱ्यावर टाकायचं आणि मग तिथे त्याला मारायचं. प्रत्येकाची एकच ओळ लिहून बघा. सुखात्मे: वकील, पण पक्षकार नाहीत. पोंक्षे: इंटर नापास, रुबाब शास्त्रज्ञाचा. कर्णिक: प्रायोगिक रंगभूमीच्या गप्पा, हाती काही नाही. बाळू रोकडे: काशीकरांच्या तुकड्यांवर वाढलेला, वयाने मोठा झाला तरी पोरगाच. काशीकर आणि काशीकरबाई: समाजसुधारणेचा वसा, घरात मूल नाही. बेणारेने पहिल्या अंकात यांच्याच नकला केल्या होत्या, त्या नेमक्या याच दुखऱ्या जागांवर. म्हणजे तिचं हसणं हा उन्मादाचा पुरावा नव्हताच. मंडळीचं अचूक वाचन तिने आधीच करून ठेवलं होतं. डाव्या रकान्यात नकला लिहून ठेवल्याचा उपयोग आता झाला.

आणि मग शेवटचा निकाल. आरोप होता भ्रूणहत्येचा. मातृत्व किती पवित्र, यावर न्यायाधीश झालेल्या काशीकरांचं भाष्य झालेलं आहे. शिक्षा काय? पोटातला गर्भ नष्ट करण्याची. ज्या कृत्यासाठी खटला भरला तेच कृत्य कोर्ट आज्ञा म्हणून देतं, आणि ही विसंगती रंगमंचावर कुणालाही खटकत नाही. लक्षण शोधायचंच असेल तर ते इथे आहे, आणि ते बेणारेचं नव्हे, कोर्टाचं आहे.

सावध राहा, इथे दुसरा खड्डा आहे. बेणारेला सोडून काशीकरांना रुग्ण केलंत तर फक्त आरोपी बदलला. ‘काशीकर दांपत्य अपत्यहीनतेच्या न्यूनगंडाने पछाडलेलं’ हे वाक्य माझ्या जुन्या निबंधाइतकंच वाईट आहे. मूल नसलेली सगळी जोडपी असं वागत नाहीत, हे त्यावरचं सरळ उत्तर. लिहायचं असं: मूल नसणं ही गोष्ट संहितेने का नमूद केली, आणि ती निकालाच्या भाषेत कशी परत येते.

चौथं पाऊल: साधं कारण विसरू नका

हे पाऊल छोटं आहे पण गाळू नका. मनोविश्लेषणाशिवाय वागणुकीचं काय कारण निघतं ते एका वाक्यात लिहा. बेणारे अविवाहित आहे, गरोदर आहे, शिक्षिका आहे, साल १९६७ आहे, नोकरीवर गदा येत आहे. या स्थितीत कुणीही मोठ्याने हसेल आणि कुणीही विषाची बाटली जवळ बाळगेल. भारतात गर्भपाताला सशर्त कायदेशीर मुभा देणारा कायदा १९७१ साली झाला. नाटक त्याआधीचं आहे, तेव्हा तिच्यापुढे वाटा किती होत्या ते मोजता येतं. साधं कारण पुरेसं असेल तिथे नेणीव आणू नका. ते कमी पडतं तिथेच ती आणा. उदाहरणार्थ, ज्या शरीराला ती फितूर म्हणते, त्याच शरीरावर आपलं प्रेम असल्याचं ती त्याच दमात सांगते. नोकरी आणि कायदा याचा उलगडा करत नाहीत.

पाचवं पाऊल: कबुलीजबाब कुठे, कुणासमोर दिला ते पाहा

स्वगताला आपण आतापर्यंत पुरावा म्हणून वापरलं. पण ते घडतं कसं? कोर्ट तिला बचावासाठी सेकंदांत मोजण्याइतका वेळ देतं. प्रकाश बदलतो, बाकीचे थिजतात, आणि त्या अवकाशात ती बोलते. रंगमंचावरचं कुणीही ते ऐकत नाही. कोर्टाच्या लेखी आरोपी गप्पच राहिली.

स्वगताला ‘केस हिस्टरी’ मानणारा समीक्षक ही रचना बाजूला सारतो. कोर्टाला जे मिळालं नाही ते आपल्याला मिळालं, तर ते कोर्टाच्याच कामासाठी वापरायचं का? फ्रॉइडलाही हा धडा महागात मिळाला होता. डोरा या टोपणनावाने प्रसिद्ध असलेली तरुण मुलगी बापाच्या मित्राने केलेल्या लगटीविषयी त्याला सांगत होती, आणि तो तिला तिच्या दडलेल्या इच्छेचा अर्थ समजावत होता. अकरा आठवड्यांनी, १९०० च्या अखेरीस, ती उपचार सोडून निघून गेली. १९०५ मध्ये ती केस छापताना त्याने मान्य केलं की त्या दोघांमध्ये काय चाललं होतं, ती त्याला कोणाच्या जागी बघत होती, ते त्याने वेळेत ओळखलं नाही. अर्थ लावणारा माणूसही प्रसंगात सामील असतो, हे तिथून पुढे या शास्त्राने धरून ठेवलं.

साहित्यात याचं प्रसिद्ध उदाहरण हेन्री जेम्सच्या ‘द टर्न ऑफ द स्क्रू’ या कथेचं. तिथे मुलांना सांभाळणाऱ्या गव्हर्नेसला भुतं दिसतात. एडमंड विल्सनने १९३४ मध्ये म्हटलं, भुतं खरी नाहीत, त्या गव्हर्नेसच्या दडपलेल्या वासनेने ती पाहिली. १९७७ मध्ये शोशाना फेल्मनने दाखवलं की गव्हर्नेस जशी मुलांकडून सत्य वदवून घ्यायला धडपडते, तसाच तिचं निदान करणारा वाचकही वागतो. पकडू पाहणारा स्वतःच पकडला जातो. समासातली सरांची ओळ हीच होती. सरांनी फेल्मन वाचलं होतं की नाही, ते विचारायचं राहून गेलं.

म्हणून स्वगताविषयी दोन वाक्यं अलग लिहा. एक, त्यात काय सांगितलं. दुसरं, ते फक्त आपल्यालाच का ऐकू येतं.

लिहिताना

कच्चा मसुदा झाला की मी तीन गोष्टी तपासतो. पहिली, नावबदल. परिच्छेदातलं ‘बेणारे’ काढून त्याच लेखकाच्या ‘सखाराम बाइंडर’मधल्या चंपाचं नाव घाला. परिच्छेद तसाच खरा वाटला, तर तो पात्राविषयी नाहीच, आजाराविषयी आहे. दुसरी, क्रियापदं. ‘ती आहे’, ‘ती ग्रस्त आहे’, ‘तिला आहे’ अशी वाक्यं मोजा. पानात दोनहून जास्त निघाली तर ‘ती करते’, ‘ती थांबते’, ‘ती नक्कल करते’ अशी बदलून बघा. बदलता येत नसतील, तर त्यांच्याखाली संहितेतली कृतीच नव्हती. तिसरी, वस्तू. कडी, टिक-२०, गाणं, पोपट यांतली एकही तुमच्या लेखात नसेल, तर तुम्ही नाटक वाचलं नाही, फक्त बेणारेला तपासलंत.

माझ्या जुन्या निबंधातलं वाक्य असं होतं: ‘पंधराव्या वर्षीच्या आघातामुळे बेणारे उन्मादग्रस्त असून तिचं सततचं हसणं व गाणं हे दमित दुःखाचं लक्षण होय.’ आज मी असं लिहीन: ‘पहिल्या अंकात बेणारे चौकशीचा विषय निघाला की हसते आणि मंडळीच्या नकला करते. या नकला प्रत्येकाच्या अपयशावर बोट ठेवतात. दुसऱ्या अंकापासून तीच माणसं खेळाच्या नावाखाली तिच्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवतात, आणि आता हसणं त्यांच्याकडे गेलेलं असतं. स्वगतातल्या मामाच्या आठवणीने या हसण्यामागचं जुनं दुखणं कळतं. पण ते हसू एकाकडून दुसऱ्यांकडे कसं गेलं, हे आठवणीने कळत नाही, ते खटल्याच्या रचनेतच वाचावं लागतं.’ दुसरा तुकडा लांब आहे, कबूल. पण त्यात ‘उन्माद’ नाही आणि तरी मनोविश्लेषण आहे.

१९१० मध्ये फ्रॉइडने ‘रानटी मनोविश्लेषणा’वर एक टिपण लिहिलं. चाळिशी उलटलेल्या एका घटस्फोटित बाईला कुण्या डॉक्टरने पहिल्याच भेटीत, तिच्या भीतीचं मूळ अतृप्त कामवासनेत आहे, असं ठणकावून सांगितलं होतं. फ्रॉइडचा आक्षेप दुहेरी होता. त्या डॉक्टरने ‘काम’ या शब्दाचा अर्थ फारच तोकडा घेतला, आणि शिवाय रुग्णाला तिचं गुपित नुसतं सांगून टाकल्याने काही साधत नाही. साहित्याच्या वर्गात रोज जे चालतं त्याला हे नाव मला चपखल वाटतं, फक्त आपल्या तावडीतलं पात्र उठून दुसऱ्या डॉक्टरकडे जाऊ शकत नाही.

आणि काही गोष्टी न उलगडताच ठेवा. नाटकाच्या शेवटी मंडळी पुन्हा नेहमीची होते, खेळच तो, मनावर घेऊ नकोस म्हणते, आणि रात्रीच्या प्रयोगाच्या तयारीला लागते. बेणारे निपचित पडलेली असते. सामंताने भाच्या-पुतण्यासाठी कापडाचा एक हिरवा पोपट आणलेला असतो. तो पोपट तो हळूच तिच्याजवळ ठेवतो आणि निघून जातो. मग घरटं हरवलेल्या चिमणीचं, तिला ‘का गं तुझे डोळे ओले’ म्हणून विचारणाऱ्या पोपटाचं गाणं ऐकू येतं. माझ्या वहीत या प्रसंगाचा डावा रकाना पुरा भरलेला आहे. उजवा गेली अनेक वर्षं कोरा आहे.